एका दमात लिहिलेली नोकरीची जाहिरात सुटी करायची आहे (क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीन शॉप)

अनघा_शिरोली

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते. आमच्याकडे फाउंड्रीतून कास्टिंग येतं, सीएनसी आणि व्हीएमसीवर मशिनिंग होतं आणि माल पुढे ट्रॅक्टरवाल्यांना जातो. क्वालिटी इन्स्पेक्टरची एक जागा भरायची आहे. मालकांनी स्वतः मजकूर लिहून दिलाय, तो असा:

> "आमच्या मशीन शॉपसाठी क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे, डिप्लोमा मेकॅनिकल, २ ते ५ वर्षे अनुभव, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज व सीएमएमचे ज्ञान असावे, ड्रॉइंग रीडिंग व जीडी अँड टी आवश्यक, फर्स्ट पीस अ‍ॅप्रूव्हल, इन-प्रोसेस व फायनल इन्स्पेक्शन, पीडीआय रिपोर्ट, कस्टमर कंप्लेंट, ८डी, पीपीएपी, सेव्हन क्यूसी टूल्स यांची माहिती असावी, फाउंड्रीचा अनुभव असल्यास उत्तम, एक्सेल व इंग्रजी संभाषण असल्यास उत्तम, स्वतःची दुचाकी असावी, शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी, प्रामाणिक, मेहनती व प्रेशर हाताळू शकणारा, फक्त पुरुष उमेदवार, लगेच जॉइन होणाऱ्यास प्राधान्य, पगार योग्यतेनुसार."

मागच्या वेळी हेच जसंच्या तसं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि पोर्टलवर टाकलं होतं. अर्ज आले ते बहुतेक नुकत्याच डिप्लोमा झालेल्या मुलांचे, नाहीतर असेंब्ली लाइनवर काम केलेल्यांचे. आता मला जबाबदाऱ्या, आवश्यक पात्रता आणि असल्यास प्राधान्य असे तीन भाग वेगळे करायचेत. माझं शिक्षण कॉमर्सचं. त्यामुळे कुठली ओळ कुठे जाते ते सांगा.

सुहास_प्लेसमेंट

सोपं आहे मॅडम. मी रोज हेच करतो. 'असावे' आणि 'आवश्यक' म्हटलंय ते आवश्यक पात्रतेत. 'असल्यास उत्तम' आणि 'प्राधान्य' म्हटलंय ते तिसऱ्या भागात. 'इन्स्पेक्शन', 'रिपोर्ट' अशी कामाची नावं दिसतील ती जबाबदाऱ्यांत. दहा मिनिटांचं काम.

अनघा_शिरोली

तसंच करून बघितलं सुहासदादा. आवश्यकमध्ये डिप्लोमा, अनुभव, पाचही उपकरणं, ड्रॉइंग, जीडी अँड टी, ८डी, पीपीएपी, क्यूसी टूल्स, दुचाकी, शिफ्ट, प्रामाणिकपणा हे सगळं गेलं. प्राधान्यात फाउंड्री, एक्सेल, इंग्रजी आणि लगेच जॉइन होणं. जबाबदाऱ्यांत मात्र चारच शब्द उरले. इतका लांब आवश्यकचा भाग वाचून कोण अर्ज करेल?

बोअरगेज

ज्याला यातलं काहीच येत नाही तो करेल, कारण तो वाचतच नाही. ज्याला दहातल्या आठ गोष्टी येतात तो मात्र थांबेल. मागच्या वेळी तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

सुहासरावांचा नियम चुकीचा नाही, पण लिहिणाऱ्याने शब्द तोलूनमापून वापरले असतील तरच तो लागू पडतो. इथे मालकांनी जसं सुचेल तसं लिहिलंय. मायक्रोमीटरलाही 'असावे' आणि सीएमएमलाही 'असावे'. एक आल्याशिवाय पहिल्या दिवशी उभं राहता येणार नाही, आणि दुसरं कदाचित तुमच्या शॉपमध्ये असेलही किंवा नसेलही. मी उमेदीची सगळी वर्षं क्वालिटीत काढली, म्हणून आधी चार प्रश्न विचारतो. ते मालकांना आणि शिफ्ट सुपरवायझरला विचारून या, मग वाटणी करू.

पहिला, तुमच्याकडे सीएमएम आहे का? असेल तर ती कोण चालवतं? दुसरा, ८डी आणि पीपीएपीची कागदपत्रं हाच माणूस करणार की क्वालिटी इंजिनिअर? तिसरा, फाउंड्रीचा अनुभव कशासाठी हवाय? चौथा, दुचाकी कशासाठी?

प्रशांत_सांगली

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझा बायोडेटाही असाच एका परिच्छेदात आहे. तो असाच तीन भागांत करावा का? मी डिप्लोमा आहे, सोबत एमपीएससीची तयारीही चालू आहे.

बोअरगेज

प्रशांत, इथे विषय जाहिरातीचा आहे. तुझ्या बायोडेटासाठी वेगळा धागा काढ, येतो तिकडे.

पण एमपीएससी म्हणालास त्यावरून एक सांगतो. सरकारी जाहिरातींत अनिवार्य अर्हता आणि वांछनीय अर्हता हे दोन भाग कधीपासून वेगळे असतात. यूपीएससीच्या जाहिरातीत तर लिहिलेलंच असतं की अर्ज फार आले तर वांछनीय अर्हतेवर किंवा जास्त अनुभवावर चाळणी लावता येईल. म्हणजे अनिवार्य बसत नसेल तर अर्ज बाद, आणि वांछनीयचा उपयोग बसणाऱ्यांतून निवडताना. अनघाताई, आपल्यालाही हाच फरक ठेवायचाय. ज्या ओळीवरून तुम्ही चांगला माणूस गेटवरून खरंच परत पाठवाल, तेवढीच आवश्यकमध्ये.

रेश्मा_फिटर

माझंही सांगते. मी आयटीआय फिटर. एका कंपनीत आधी अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले, मग लाइन इन्स्पेक्शनला. डिप्लोमा नाही. ड्रॉइंग वाचते, बोअर गेज रोज हातात असतो, पीडीआय मीच भरते. पण नवीन जाहिरात उघडली की पहिल्याच ओळीत 'डिप्लोमा', शेवटी 'फक्त पुरुष'. मधलं सगळं मला येतं ते कोण बघणार?

अनघाताई, तुमच्याकडे आत्ता जे इन्स्पेक्टर आहेत त्यांचं शिक्षण काय?

अनघा_शिरोली

रेश्मा, प्रश्न चांगला विचारलास. आमचे सगळ्यात जुने इन्स्पेक्टर आयटीआय मशिनिस्टच आहेत. हे लिहितानाच लक्षात आलं.

काकांच्या प्रश्नांची उत्तरं आणली:

सीएमएम आमच्याकडे नाही. पार्ट बाहेरच्या लॅबमध्ये मोजायला पाठवतो, रिपोर्ट येतो. मालक म्हणाले, "तो रिपोर्ट वाचता आला पाहिजे, लाल दिसलं की मला सांगायला पाहिजे."

८डी आणि पीपीएपी क्वालिटी हेड करतात. इन्स्पेक्टरने त्यांना मोजमापं द्यायची.

फाउंड्रीबद्दल सुपरवायझरनी सांगितलं की मशिनिंग झाल्यावर ब्लोहोल उघडं पडतं, तेव्हा तो पीस सीआर म्हणजे कास्टिंग रिजेक्शन की एमआर म्हणजे मशिनिंग रिजेक्शन यावरून रोज वाद होतो. सीआर ठरला तर फाउंड्रीला डेबिट, एमआर ठरला तर आमच्या ऑपरेटरच्या नावावर. ज्याने फाउंड्री बघितलीय त्याला ते ओळखता येतं.

दुचाकी याचसाठी की आठवड्यातून एकदा फाउंड्रीत जाऊन रिजेक्शन दाखवून सही घ्यावी लागते. शिवाय दुसरी पाळी सुटल्यावर बस मिळत नाही.

बोअरगेज

आता बघा काय झालं. तुमच्या मजकुरात जबाबदाऱ्या कमी नव्हत्या, त्या पात्रतेच्या वेशात लपल्या होत्या. 'फाउंड्रीचा अनुभव असल्यास उत्तम' ही ओळ प्राधान्यात टाकून आपण मोकळे झालो असतो. आणि खरं काम, जिथे पैसा जातो ते काम, जाहिरातीत आलंच नसतं.

म्हणून ही ओळ दोन जागी जाईल. जबाबदाऱ्यांत, 'मशिनिंगनंतर दिसणारे दोष तपासून सीआर आणि एमआर पीस वेगळे करणे, टॅग लावणे, फाउंड्रीच्या प्रतिनिधीला दाखवून नोंद करून घेणे'. प्राधान्यात, 'ब्लोहोल, सँड इन्क्लूजन, श्रिंकेज हे दोष ओळखण्याचा अनुभव'. हे महिन्या-दोन महिन्यांत जुन्या माणसाबरोबर उभं राहून शिकता येतं, म्हणून आवश्यक नाही.

सीएमएमचंही तेच. मशीनच नाही तर ऑपरेटिंगचा अनुभव मागायचा कशाला? 'सीएमएमचे ज्ञान' वाचून सीएमएम चालवणारा माणूस येईल, दोन महिने हाइट गेजवर काम करेल आणि कंटाळून जाईल. 'बाहेरून आलेला सीएमएम रिपोर्ट ड्रॉइंगशी ताडून बघणे' असं जबाबदाऱ्यांत लिहा.

८डी, पीपीएपी, सेव्हन क्यूसी टूल्स तिन्ही प्राधान्यात. पीपीएपीच्या फाइलमध्ये १८ गोष्टी असतात, त्यातला मोजमापांचा तक्ता तेवढा तुमचा इन्स्पेक्टर भरणार. 'कस्टमर कंप्लेंट' या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. तक्रार आली की तो नेमकं काय करतो? स्टोअरमधला आणि डिस्पॅचला लागलेला माल बाजूला काढून पुन्हा तपासतो, बरोबर ना? मग तेच लिहा.

सुहास_प्लेसमेंट

काका, मान्य. पण पोर्टलची बाजू सांगतो. उमेदवार शोधताना आम्ही कीवर्ड टाकतो. पीपीएपी, ८डी, सीएमएम हे शब्द जाहिरातीत नसतील तर ती लोकांना दिसणारच नाही. म्हणून आम्ही सगळं आवश्यकमध्ये भरतो.

बोअरगेज

शब्द जाहिरातीत असले म्हणजे झालं, प्राधान्यात असले तरी सापडतात. तुम्ही आवश्यक म्हणून जिथे टिक करता तिथे ते नकोत, एवढंच म्हणणं आहे. तिथे टिक केलं की पीपीएपी न लिहिणारा चांगला इन्स्पेक्टर चाळणीतच गळतो आणि अनघाताईंना त्याचं नावही दिसत नाही.

सुहास_प्लेसमेंट

हां, तेवढं खरं. टिक आम्ही सरसकट करतो.

ऑडिटवाला

आयएसओच्या अंगाने एक भर घालतो. ९००१ मध्ये ७.२ हा सक्षमतेचा मुद्दा आहे. त्या कामाला काय येणं गरजेचं आहे ते कंपनीने ठरवायचं आणि माणसाकडे ते असल्याचा पुरावा ठेवायचा. पुष्कळ ठिकाणी गंमत अशी दिसते की फाइलमधल्या जेडीत डिप्लोमा लिहिलेला, जागेवर आयटीआयचा माणूस, आणि स्किल मॅट्रिक्समध्ये त्याला पूर्ण मार्क. मग नोंद होते. दोष माणसाचा नसतो, जेडीत उगाच लिहून ठेवलेल्या ओळीचा असतो. अनघाताई, जाहिरात बदलताना आतली जेडी आणि मॅट्रिक्सही त्याच दिवशी बदला, नाहीतर बाहेर एक आणि आत दुसरंच.

अनघा_शिरोली

हे मालकांना दाखवते, ऑडिटचं नाव काढलं की ते ऐकतात 😀

शिक्षणाच्या ओळीवर अजून गाडं अडलंय. त्यांचं म्हणणं, "डिप्लोमा लिहिला की निदान जीडी अँड टी शिकलेला तरी येतो."

रेश्मा_फिटर

येतो का पण? आमच्याकडे डिप्लोमाची मुलं पोझिशनची फ्रेम वाचायला माझ्याकडे येतात.

बोअरगेज

दोघीही ऐका. शिक्षणावर भांडण्यापेक्षा चाचणी ठेवा. ज्या गोष्टीची गेटवर अर्ध्या तासात परीक्षा घेता येते तिच्यासाठी सर्टिफिकेटवर कशाला अवलंबून राहायचं? मी काय करायचो ते सांगतो.

चालू ड्रॉइंगची एक प्रत आणि खरा पीस टेबलावर ठेवायचा. समजा बोअर ६२ एच७ आहे. विचारायचं, मर्यादा काय? ६२.००० ते ६२.०३०, तक्ता बघून सांगितलं तरी चालेल. मग म्हणायचं, मोजून दाखव. उमेदवाराने व्हर्नियर उचलला की समजायचं. ०.०२ लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने ३० मायक्रॉनची पट्टी काय मोजणार? जाणकार बोअर गेज उचलतो, आधी तो रिंग गेजवर किंवा मायक्रोमीटरवर सेट करतो, आणि बोअरमध्ये दोन दिशांना, वर-खाली फिरवून बघतो, कारण बोअर ओव्हल किंवा टेपर असू शकतो. त्यानंतर ड्रॉइंगवरची एक पोझिशनची फ्रेम दाखवून, डेटम कुठला ते विचारायचं. एवढ्यात सगळं कळतं.

म्हणून आवश्यकमध्ये असं लिहा: 'डिप्लोमा मेकॅनिकल, किंवा आयटीआय फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि मशिनिंग पार्टच्या इन्स्पेक्शनचा ३ वर्षांचा अनुभव. निवडीच्या वेळी ड्रॉइंग आणि मोजमापाची प्रात्यक्षिक चाचणी होईल.' चाचणीचं वाक्य वाचून निम्मे हौशी अर्ज आपोआप थांबतात.

आणि डिप्लोमावाल्यांसाठी '२ वर्षे अनुभव' एवढंच लिहून भागणार नाही. कशाचा अनुभव ते लिहा. तुमच्याकडे असेंब्लीवाले आले ते यामुळेच. मजकुरात कुठेच म्हटलेलं नाही की अनुभव मशिनिंगच्या मापांचा हवा.

वरची ५ वर्षांची मर्यादा कशाला?

अनघा_शिरोली

जास्त अनुभवी माणूस जास्त पगार मागतो म्हणून.

बोअरगेज

मग पगार लिहा, अनुभव कशाला कापता?

सुहास_प्लेसमेंट

पगार लिहायला मालक तयार होत नाहीत काका. आत काम करणारे वाचतात, मग त्यांची कुरबुर सुरू होते. मी तरी 'योग्यतेनुसार'च ठेवेन.

रेश्मा_फिटर

आमच्यासारख्यांना 'योग्यतेनुसार' वाचलं की कळतं, कमी आहे.

अनघा_शिरोली

पगाराचं माझ्या हातात नाही. विचारून बघते.

'फक्त पुरुष' बद्दलही बोलले. कारण दुसरी पाळी आणि फाउंड्रीची फेरी, एवढंच निघालं.

ऑडिटवाला

ती ओळ काढाच. भरती करताना सारख्याच कामासाठी बाई म्हणून डावलायचं नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातही होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. स्त्रियांच्या रात्रीच्या कामासाठी संमती, सुरक्षितता, वाहतूक अशा अटी आहेत. त्या नेमक्या तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लिहून घ्या. पण तो पाळी लावण्याचा प्रश्न झाला, पात्रतेचा नाही.

बोअरगेज

बरोबर. पाळी, फेरी, पगार, जागा हे तिन्ही भागांत कुठेच बसत नाही. शेवटी 'कामाच्या अटी' म्हणून दोन ओळी वेगळ्या ठेवा. आणि 'प्रामाणिक, मेहनती, प्रेशर हाताळणारा' काढून टाका. अप्रामाणिक माणूस ते वाचून घरी थांबणार आहे का? तिथे मालकांना काय म्हणायचंय ते विचारा. माझा अंदाज, डिस्पॅचची गाडी उभी असताना प्रॉडक्शनवाला 'सोड रे, चालतंय' म्हणतो, तेव्हा जो माल अडवून धरेल असा माणूस त्यांना हवाय.

अनघा_शिरोली

काका, अगदी हेच बोलले! "गाडी थांबली तरी चालेल, पण खराब पीस जायला नको." आणि लगेच पुढे, "पण गाडी पण थांबायला नको."

बसून नवीन मसुदा केलाय:

> क्वालिटी इन्स्पेक्टर, मशीन शॉप (शिरोली एमआयडीसी)
>
> जबाबदाऱ्या
> - प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस ड्रॉइंगप्रमाणे तपासून मंजूर करणे किंवा थांबवणे
> - चालू उत्पादनात ठरलेल्या वेळी मशीनवर जाऊन मापे घेणे व नोंदवणे
> - डिस्पॅचपूर्वी तपासणी करून पीडीआय रिपोर्ट भरणे. मापात नसलेला माल रोखून ठेवणे आणि क्वालिटी हेडना कळवणे
> - मशिनिंगनंतर दिसणारे दोष तपासून सीआर व एमआर पीस वेगळे करणे, आठवड्यातून एकदा फाउंड्रीत जाऊन नोंद करून घेणे
> - बाहेरून आलेला सीएमएम रिपोर्ट ड्रॉइंगशी ताडून बघणे
> - ग्राहकाची तक्रार आल्यास स्टॉक वेगळा काढून पुन्हा तपासणे, मापे क्वालिटी हेडना देणे
>
> आवश्यक पात्रता
> - डिप्लोमा मेकॅनिकल व मशिनिंग पार्टच्या इन्स्पेक्शनचा २ वर्षांचा अनुभव, किंवा आयटीआय (फिटर, टर्नर, मशिनिस्ट) व त्याच कामाचा ३ वर्षांचा अनुभव
> - व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज स्वतः सेट करून वापरता येणे
> - ड्रॉइंग आणि जीडी अँड टीची चिन्हे वाचता येणे (प्रात्यक्षिक चाचणी होईल)
>
> असल्यास प्राधान्य
> - कास्टिंगमधील दोष ओळखण्याचा अनुभव
> - ८डी, पीपीएपी, सेव्हन क्यूसी टूल्सची माहिती
> - एक्सेलमध्ये रिपोर्ट तयार करता येणे
>
> कामाच्या अटी
> - पाळ्या आलटून-पालटून. फाउंड्रीच्या फेरीसाठी दुचाकी असल्यास पेट्रोलभत्ता, नसल्यास कंपनीची गाडी

इंग्रजी संभाषण काढलं, कारण ग्राहकाशी इंग्रजीत क्वालिटी हेडच बोलतात. 'लगेच जॉइन' पण काढलं. फक्त पुरुष गेलं. पगाराची ओळ अजून रिकामी आहे.

सुहास_प्लेसमेंट

मसुदा चांगलाय. पण 'लगेच जॉइन' ठेवायला हवं होतं, नोटीस पिरियडचा माणूस दोन महिने लटकवतो.

बोअरगेज

हातात नोकरी असलेला चांगला इन्स्पेक्टर लगेच कसा येईल? अटींमध्ये 'किती दिवसांत रुजू होऊ शकता ते अर्जात कळवा' एवढं लिहा. यावर आपलं जमणार नाही सुहासराव, राहू दे.

ताई, एक दुरुस्ती. 'ठरलेल्या वेळी मापे घेणे' यात किती मशीन ते घाला. एका पाळीत चार मशीन बघायच्या की बारा, यावर उमेदवार हो-नाही ठरवतो.

अनघा_शिरोली

सहा सीएनसी आणि दोन व्हीएमसी, एका पाळीला एकच माणूस. घालते.

ऑडिटवाला

आठ मशीन, एक इन्स्पेक्टर, आणि दर तासाला फेरी? कंट्रोल प्लॅनमध्ये काय वारंवारता लिहिलीय ते एकदा बघून घ्या. तिथे दर तासाला पाच पीस लिहिलं असेल तर हा माणूस पीडीआय कधी भरणार?

अनघा_शिरोली

बघितलं. दर दोन तासांना, पण पाच पीस आहेत. सुपरवायझर म्हणतात, प्रत्यक्षात दोनच होतात. हे उद्या मालकांसमोरच काढावं लागणार.

रेश्मा_फिटर

ताई, जाहिरात टाकली की लिंक इथे द्या. पगाराची ओळ भरल्यावर 🙂